अश्वगंधा टॉनिकमुळे थायरॉइडचा रिपोर्ट बदलतो का?

"आई थायरॉक्सिन ७५ घेते. दोन महिने अश्वगंधाचं टॉनिक घेतलं, टीएसएच २.८ वरून ०.०५ वर आलं, धडधडही होते. गोळी कमी करायची का?"

स्वतःहून नको. आधी टॉनिक बंद करा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. धडधड वाढली तर लगेच. जाताना बाटलीच न्या, "आयुर्वेदिकच आहे" एवढं सांगून भागत नाही. डॉक्टर लेबलवर अर्काचं प्रमाण पाहतील, शिवाय बायोटिन हे जीवनसत्त्व आणि आयोडीन आहे का तेही. बायोटिन काही लॅबच्या तपासणीत टीएसएच खोटंच कमी दाखवतं. म्हणून ते दोन-तीन दिवस थांबवून टी३, टी४सह फेरतपासणी करतात. पण धडधड खरी असेल तर संशय अश्वगंधावर, कारण ती थायरॉइड हार्मोन वाढवू शकते, आणि हार्मोन वाढलं की टीएसएच खाली जातं. टॉनिक थांबवल्यावर सहाएक आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. तेव्हाही ते खालीच असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.