ॲबनॉर्मल गेन वजाच का करायचा?

प्रश्न : मी बी.कॉम. झाले असून सीएमए इंटरमीडिएटची तयारी करत आहे. प्रोसेस कॉस्टिंगमधली नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल गेनची साधी गणिते मला येतात, पण त्याच गणितात समतुल्य एकके आली की माझे प्रोसेस खाते जुळत नाही. गेन वजा का करायचा असे क्लासमध्ये विचारले, तर ‘तो नियमच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. हा भाग सोडून द्यावा का? आणि हे जमत नसेल तर कॉस्टिंगच्या नोकरीचा विचारही सोडावा का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हा भाग सोडू नका. तुमची अडचण सगळ्या प्रकरणाची नसून एकाच सूत्राची आहे, असे मला वाटते. साध्या गणितात आपण एकूण खर्चातून नॉर्मल लॉसच्या भंगाराची किंमत वजा करतो, प्रक्रियेत टाकलेल्या मालातून नॉर्मल लॉस वजा करतो आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागून प्रति किलो दर काढतो. महिनाअखेरीस सगळा माल पूर्ण झालेला असेल तोवर हे सूत्र बिनचूक चालते. काही माल अर्धवट राहिला की मात्र ते लागू होत नाही. अर्धवट मालावर झालेले काम किती पूर्ण किलोंच्या बरोबरीचे आहे हे मोजावे लागते, आणि तीच समतुल्य एकके. सवयीने जुनेच सूत्र वापरले की खाते बिघडते.

एक उदाहरण घेऊन पाहू. पहिल्या प्रक्रियेत १०,००० किलो कच्चा माल टाकला असून त्याची किंमत ४,५५,००० रुपये आहे. मजुरी १,२६,००० रुपये आणि उपरिखर्च ८४,००० रुपये झाला आहे. टाकलेल्या मालाच्या १० टक्के घट नॉर्मल लॉस मानली जाते आणि ते भंगार ५ रुपये किलोने विकले जाते. महिनाअखेरीस ७,८०० किलो तयार माल पुढच्या प्रक्रियेत गेला. १,५०० किलो माल अपूर्ण राहिला; त्याला कच्चा माल पूर्ण लागला आहे, पण मजुरी आणि उपरिखर्चाचे काम ६० टक्केच झाले आहे. सुरुवातीला अपूर्ण माल नव्हता.

आधी रुपये बाजूला ठेवून फक्त किलो जुळवावेत. तयार माल ७,८००, अपूर्ण माल १,५०० आणि नॉर्मल लॉस १,००० यांची बेरीज १०,३०० होते, पण प्रक्रियेत माल टाकला होता १०,०००. हे जादा दिसणारे ३०० किलो म्हणजे ॲबनॉर्मल गेन. वास्तविक कारखान्यात कोणताही माल नव्याने निर्माण झालेला नाही. १,००० किलो घट होईल असे धरले होते, प्रत्यक्षात ती ७०० किलोच झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता समतुल्य एकके काढू. कच्च्या मालासाठी ७,८०० अधिक १,५०० वजा ३००, म्हणजे ९,००० एकके होतात. मजुरी आणि उपरिखर्चासाठी अपूर्ण मालाचे ६० टक्के, म्हणजे ९०० एकके धरायची. म्हणून ७,८०० अधिक ९०० वजा ३००, म्हणजे ८,४०० एकके. नॉर्मल लॉसला दोन्ही ठिकाणी शून्य एकके द्यायची, कारण त्याचा खर्च चांगल्या मालानेच सोसायचा असतो.

तुम्ही विचारलेल्या ‘का’चे उत्तर याच पायरीत आहे. नॉर्मल लॉस पूर्ण १,००० किलो धरून आपण असे ठरवलेले असते की १०,००० किलोंचा खर्च ९,००० किलो चांगल्या मालावर पसरायचा. वाचलेले ३०० किलो मात्र वेगळे दिसत नाहीत. ते ७,८०० किलो तयार मालात मिसळून आधीच मोजले गेले आहेत. ते वजा केले नाहीत, तर तोच खर्च ९,००० ऐवजी ९,३०० किलोंवर पसरेल, दर उगाच खाली येईल आणि अनपेक्षित काटकसरीचा फायदा नेहमीच्या उत्पादनखर्चात मुरून जाईल. तो फायदा वेगळा दिसावा, म्हणूनच ही वजाबाकी करायची असते. ती दोन्ही स्तंभांत पूर्ण १०० टक्क्यांनी करायची, कारण हे किलो पूर्ण झालेल्या मालात धरलेले आहेत. ॲबनॉर्मल लॉसचे तसे नसते. तो माल प्रक्रियेच्या ज्या टप्प्यावर वाया गेला, तेवढेच काम त्याच्यावर झालेले धरले जाते. अनेक विद्यार्थी हे दोन नियम एकमेकांत मिसळतात आणि गेनलाही ६० टक्के लावून बसतात.

कच्च्या मालाची ९,००० एकके म्हणजे १०,००० वजा १,०००, हे तुमच्या लक्षात आले असेलच. तुमच्या साध्या सूत्राचा भाजकही हाच होता. तेव्हा ते सूत्र वेगळे शास्त्र नसून समतुल्य एककांचेच एक सोपे रूप आहे. सुरुवातीचा अपूर्ण माल नसेल आणि अखेरच्या मालाला कच्चा माल पूर्ण लागला असेल, तेव्हा गेनच्या गणितात हा आकडा असाच जुळला पाहिजे. तो जुळला नाही, तर पुढे जाण्यापूर्वी थांबून चूक शोधावी.

आता दर काढू. नॉर्मल लॉसच्या भंगाराचे ५,००० रुपये कच्च्या मालाच्या किमतीतून वजा करायचे. उरलेल्या ४,५०,००० रुपयांना ९,००० ने भागले की दर ५० रुपये येतो. येथेही ७०० किलोंचे नव्हे, तर पूर्ण १,००० किलोंचे भंगार धरायचे असते. मजुरी १५ रुपये आणि उपरिखर्च १० रुपये पडतो, म्हणून पूर्ण झालेल्या किलोचा दर ७५ रुपये होतो. त्यानुसार तयार मालाची किंमत ५,८५,००० रुपये, अपूर्ण मालाची ७५,००० अधिक २२,५००, म्हणजे ९७,५०० रुपये आणि गेनची २२,५०० रुपये येते. प्रोसेस खात्याच्या नावे बाजूस तिन्ही खर्च आणि गेन मिळून ६,८७,५०० रुपये होतात. जमा बाजूस नॉर्मल लॉसचे ५,०००, तयार माल आणि अपूर्ण माल मिळून तेवढेच होतात.

काम येथे संपत नाही, कारण ३०० किलो भंगार विकायला मिळालेच नाही. त्याचे १,५०० रुपये ॲबनॉर्मल गेन खात्यातून नॉर्मल लॉस खात्याला द्यावे लागतात, आणि उरलेले २१,००० रुपये कॉस्टिंग नफातोटा खात्यात जातात. हे १,५०० विसरले, तर नॉर्मल लॉस खाते बंद होत नाही.

तुमचे खाते जुळत नाही तेव्हा नुसते खोडून पुन्हा मांडू नका, फरकाचा आकडा पाहा. नावे बाजू जास्त येत असेल आणि फरक तुम्ही काढलेल्या गेनच्या रकमेएवढा असेल, तर समतुल्य एककांतून गेन वजा करायचे राहून गेले आहे. वरच्या उदाहरणात तसे केले, तर सुमारे २१,७५७ रुपयांचा फरक येतो आणि तुमच्या चुकीच्या दराने ३०० किलोंची किंमतही तेवढीच निघते. फरक बरोबर दुप्पट असेल, तर गेन वजा करण्याऐवजी मिळवला गेला आहे. मी विद्यार्थ्यांना ही तपासणी मुद्दाम शिकवतो, कारण परीक्षेत सगळे गणित पुन्हा करायला वेळ नसतो, पण एक वजाबाकी दुरुस्त करायला तो पुरतो.

प्रश्नातला एक शब्दही नीट वाचायला हवा. नॉर्मल लॉस टाकलेल्या मालाच्या १० टक्के नसून ‘उत्पादनाच्या’ १० टक्के असे दिले असेल, तर अपूर्ण माल अजून शेवटच्या तपासणीपर्यंत पोहोचलेला नाही असे मानून १०,००० मधून १,५०० वजा करतात. मग घट ८,५०० किलोंवर, म्हणजे ८५० किलो होते आणि गेन ३०० ऐवजी १५० किलो उरतो. हेच उदाहरण तसे सोडवून पाहा. कच्च्या मालाचा दर सुमारे ४९.२६ रुपये आणि मजुरी व उपरिखर्च मिळून सुमारे २४.५६ रुपये आला, तर तुमची मांडणी बरोबर आहे.

सुरुवातीचा अपूर्ण माल आला, तरी गेनची वजाबाकी बदलत नाही. सरासरी पद्धतीत जुना आणि नवा खर्च घटकवार एकत्र करतात. ‘आधी आलेला माल आधी’ या पद्धतीत जुन्या मालावर या महिन्यात झालेले उर्वरित कामच मोजतात. प्रश्नात जुन्या मालाचा खर्च घटकवार दिला नसेल, तर सरासरी पद्धत वापरताच येत नाही. दुसऱ्या प्रक्रियेत भंगाराची किंमत आधीच्या प्रक्रियेतून आलेल्या मालाच्या खर्चातून वजा करायची, नव्याने घातलेल्या मालातून नाही.

नोकरीबद्दल माझे मत सांगतो. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे एका रसायन कारखान्याच्या कॉस्ट विभागात होतो. एका महिन्यात एका प्रक्रियेवर चांगलाच ॲबनॉर्मल गेन दिसला आणि मी तो तसाच अहवालात लिहिला. पुढच्या महिन्यात जवळजवळ तेवढाच ॲबनॉर्मल लॉस आला. तेव्हा मी शॉपवर जाऊन नोंदवही उघडली. टाकीतला अपूर्ण माल पट्टी बुडवून मोजायचा असे, पण महिन्याच्या शेवटच्या पाळीत तो मोजलाच गेला नव्हता. आदल्या पाळीचा आकडा तसाच उतरवला होता. अपूर्ण माल कागदावर जास्त दिसला, म्हणून गेन दिसला. तेव्हापासून गेन दिसला की मी आधी वजनकाटा, टाकीची मोजणी आणि घटीचे ठरवलेले प्रमाण किती जुने आहे हे तपासत असे, आणि मगच त्याला काटकसर म्हणत असे.

कॉस्ट विभागातल्या नवख्या माणसाला सुरुवातीची काही वर्षे बहुतेक हेच काम असते. दरांचा भागाकार संगणक करतो, पण अपूर्ण माल ६० टक्के झाला आहे की ४०, हे उत्पादन विभागाकडून विचारून घ्यावे लागते आणि त्या उत्तरावर शंकाही घ्यावी लागते. वरच्या उदाहरणात ६० ऐवजी ४० टक्के धरले, तर मजुरी आणि उपरिखर्चाची एकके ८,४०० वरून ८,१०० वर येतात आणि प्रत्येक तयार किलोचा दर वाढतो. ‘नियम आहे’ या उत्तराने तुमचे समाधान झाले नाही, यावरून या कामाला लागणारी चौकसपणाची सवय तुमच्यात आहे असे मला दिसते. प्रशिक्षणासाठी जागा निवडताना शक्य असेल तर केवळ कर आणि विवरणपत्रांचे काम करणाऱ्या कार्यालयाऐवजी प्रक्रिया चालणारा कारखाना निवडा, आणि महिनाअखेरच्या अपूर्ण मालाच्या मोजणीला स्वतः उभे राहू देण्याची विनंती पहिल्याच महिन्यात करा.