पित्ताची गोळी उपाशीपोटी घेऊनही जळजळ का थांबत नव्हती

"मॅडम, पाच वर्षं झाली पित्ताची गोळी खातोय, रोज उठल्या उठल्या उपाशीपोटी, तरी संध्याकाळी जळजळ होतेच. मोबाईलवर वाचलं की याने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून बंद केली तर चौथ्या दिवशी असा त्रास झाला की परत सुरू केली. आता काय, जन्मभर खायची का?"

हे गृहस्थ चोपन्न वर्षांचे, शुगरही आहे. मी औषधांचं समुपदेशन करते, म्हणजे डॉक्टर लिहून देतात ती गोळी माणूस घरी नेमकी कशी घेतो हे बघायचं माझं काम, म्हणून मी सगळ्यांना औषधाची पिशवीच घेऊन यायला सांगते. यांच्या पिशवीत पॅन्टोप्राझोल ४० ची स्ट्रिप होती आणि सोबत कागदाची एक पुडी, पुडीत सुरीने कापलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. म्हणाले, डोस कमी करून बघत होतो. मला खरंच वाईट वाटलं कारण माणूस प्रयत्न करत होता पण कापलेल्या गोळीचा उपयोग जवळजवळ शून्य. या गोळीवर जे गुळगुळीत आवरण असतं ते पोटातल्या अ‍ॅसिडपासून आतलं औषध वाचवायला असतं, ते कापलं की औषध पोटातच नासतं. गोळी न विरघळता पोटातून पुढे आतड्यात जायला हवी, तिथे ती शोषली जाते, रक्तात येते आणि मग रक्तातून पोटाच्या पेशींपर्यंत पोचते. म्हणजे ही गोळी पोटावर वरून लागतच नाही, मागच्या दाराने जाते.

मग मी वेळ विचारली. साडेपाचला उठतात, गोळी घेतात, फिरायला जातात, अंघोळ वगैरे आणि पहिला घास पोटात जातो साडेनऊला. दुसरी गोळी, जी त्यांनी स्वतःच वाढवली होती, ती रात्री जेवून झोपताना. सगळा घोळ इथेच होता. पोटाच्या पेशींत अ‍ॅसिड सोडणारे बारीक पंप असतात आणि ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपालाच पकडते, झोपलेल्या पंपाला नाही. पंप मोठ्या संख्येने जागे होतात ते आपण खायला लागलो की. आणि औषध रक्तात फार वेळ टिकत नाही, एक दोन तासांत निम्मं होतं. साडेपाचची गोळी साडेनऊला पंप जागे होईपर्यंत बरीचशी उतरलेली असते. झोपतानाचीचं उलटं, जेवण होऊन गेलेलं आणि पुढे रात्रभर काही खाणं नाही. त्यामुळे "उपाशीपोटी" हा शब्द मला अर्धवटच वाटतो. खरी सूचना अशी आहे की दिवसातल्या पहिल्या नीट खाण्याच्या आधी अर्धा ते एक तास, आणि मग खायचंच. म्हणजे आधी खाण्याची वेळ ठरवायची आणि तिथून मागे मोजायचं.

एक अजून, आज घेतली आणि आजच आराम असं या गोळीत होत नाही. पहिल्या दिवशी थोडेच पंप बंद होतात, उरलेले दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, पूर्ण असर यायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ झाली की टाकली एक गोळी, असं करणाऱ्यांना म्हणूनच वाटतं की ही काम करत नाही.

आता पाच वर्षं का चालू होती? कागद चाळले तर सुरुवात सापडली, कंबरदुखीसाठी तीन आठवडे पेनकिलर दिली होती, पोटाला त्रास नको म्हणून सोबत ही. पेनकिलर संपली, ही चालूच राहिली, कोणी बंद कर म्हणून सांगितलंच नाही. असं मी इतक्या वेळा बघते की आता पहिला प्रश्न हाच विचारते, सुरू कशासाठी झाली होती.

आणि बंद केल्यावरचा तो चौथ्या दिवसाचा त्रास. त्यांना वाटलं आजार परत आला. पण अ‍ॅसिड बरेच दिवस दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढवतं, अ‍ॅसिड बनवायची तयारी वाढत जाते, आणि गोळी अचानक थांबली की ते सगळं उसळून येतं. २००९ मध्ये डेन्मार्कच्या एका अभ्यासात पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या १२० लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी देऊन थांबवली, तर ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे झाली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १५ टक्के. धडधाकट माणसांना! ही उसळी काही आठवड्यांत ओसरते, पण हे आधी माहीत नसेल तर माणूस चौथ्या दिवशी हार मानतो.

भीतीचं बोलायचं तर, किडनी, हाडं, विसराळूपणा यांच्याशी जे संबंध सांगतात ते बहुतेक नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासातले, आणि ही गोळी घेणारे मुळात जास्त आजारीही असतात. २०१९ मध्ये साडेसतरा हजार लोकांवर तीन वर्षं पॅन्टोप्राझोल आणि खोटी गोळी अशी तुलना झाली, त्यात ठळक फरक दिसला तो फक्त आतड्याच्या इन्फेक्शनचा, १ टक्क्याच्या जागी १.४ टक्के. पण तीन वर्षं म्हणजे दहा वर्षं नव्हे, आणि काही गोष्टी खऱ्या आहेत. मॅग्नेशियम क्वचित खूप उतरतं, त्यात पेटके, धडधड होते. क्वचित किडनीला अचानक सूजही येते. आणि बी१२, कारण अन्नातलं बी१२ सुटायला अ‍ॅसिड लागतं. यांची शुगरची गोळी मेटफॉर्मिन, तीही बी१२ कमी करते. तळपायाला मुंग्या येतात का विचारलं तर म्हणाले, हो, शुगरमुळे असेल म्हणून सोडून दिलं. तपासलं तर १६८, म्हणजे कमीच. क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम ठीक.

डॉक्टरांनी बी१२ सुरू केलं, इतकी वर्षं त्रास म्हणून एंडोस्कोपी केली, अन्ननलिका स्वच्छ होती. मग महिनाभर एकच गोळी, साडेआठला, आणि नऊला नाश्ता. दहा दिवसांत संध्याकाळची जळजळ गेली, त्याच औषधाने! त्यानंतर २० ची वेगळी गोळी (कापलेली नाही) महिनाभर, मग एक दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. काही डॉक्टर एकदम थांबवतात, तेही चालतं, फक्त उसळी येणार हे सांगून ठेवावं लागतं. यांना हळूहळू करूनही आलीच. पाचव्या दिवशी फोन आला, "मॅडम सुरू झालं." मी म्हटलं, जेवणानंतरचं पातळ अँटासिड घ्या, जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू वीट लावून उचला, आणि गिळताना अडकलं, काळी शौच झाली किंवा वजन उतरलं तर मात्र थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे. असं काही झालं नाही, तीन आठवड्यांनी जळजळ ओसरली.

शेवटच्या भेटीला सोबत त्यांच्या मिसेस होत्या, म्हणाल्या, यांची सुटली तर माझीही सोडवा. त्यांना दोन वर्षांपूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला आणि हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू. मी म्हटलं, ताई, तुमची गोळी अजिबात सोडायची नाही, ती जळजळीसाठी नाहीये, परत रक्तस्राव होऊ नये म्हणून आहे. फक्त नाश्त्याला कधी बसता ते सांगा, तिथून अर्धा तास मागे मोजू.