गुलाबात पाणी आधीपासूनच आहे

"अर्क आणि इसेन्शियल ऑइल एकच ना? मग तेलाचे चार थेंब पाण्यात टाकले की त्याला गुलाबपाणी म्हणता येईल का?"

नाही, दोन्हीचं उत्तर नाही. आणि ते 'आवश्यक तेल' असं भाषांतर करणाऱ्यांना कोणीतरी आवरा हो, तिथला इसेन्शियल म्हणजे गरजेचा नाही, सार या अर्थाचा आहे.

खरी मजा गुलाबात आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, म्हणजे गुलाब हेच मुळात गुलाबपाणी, फुलाला ते नाव नंतर चिकटलं आणि आपण वर अजून एक पाणी ओतून फूल-पाणी-पाणी म्हणतोय. पटत नसेल तर गुलाबदाणी आठवा, तिच्यात काय फुलं भरतात? हाच शब्द अरबीत गेला, तिथे ग नाही म्हणून ज झाला, आधी गोड सरबत, मग औषधी सरबत, मग पोट साफ करायचं औषध, असं करत करत आपल्याकडे जुलाब होऊन आला. गुलाब आणि जुलाब सख्खे भाऊ!

अर्क पण अरबीच, मूळ अर्थ घाम. फुलं पाण्यात उकळताना झाकणाला आतून धरलेले थेंब बघा, घामच तो. काहीजण याला संस्कृतातल्या अर्काशी, म्हणजे सूर्याशी जोडतात आणि वर 'तेज' वगैरे सांगतात, ती निव्वळ ओढाताण आहे. युनानीत अर्क म्हणजे हे पातळ पाणीच, आपण मात्र 'पोरगं अर्क आहे' म्हणतो तेव्हा कडक माल डोक्यात असतो, घोळ इथेच होतो.

उकळत्या फुलांची ती वाफ थंड झाली की वर तेलाचा तवंग, तेच इसेन्शियल ऑइल, आणि खाली पाणी, तोच अर्क. त्या पाण्यात तेल हजारात एखादा भाग, बरेचदा त्याहूनही कमी, म्हणून ते थेट चेहऱ्यावर चालतं. पण गुलाबाच्या वासातलं फेनिलइथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं आणि बरंचसं पाण्यातच राहून जातं, त्यामुळे तेल परत पाण्यात घातलं तरी तो वास येत नाही. मी करून बघितलंय, 100 मिली पाण्यात चार थेंब, हलवलं की दुधाळ, थोड्या वेळाने परत तवंग वर. स्प्रेची नळी तळातून ओढते, म्हणून बाटली संपत आली तेव्हा सगळं तेल एकदम गालावर आलं आणि झोंबलं. तेल लावायचंच तर 30 मिली बदाम तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का, चेहऱ्याला त्यापुढे जाऊ नका.

टिकण्याचं गणित उलटं आहे. पाणी म्हटलं की जंतू आलेच, प्रिझर्वेटिव्ह नसेल तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवा, गढूळ झालं किंवा कापसासारखे तंतू तरंगले की सरळ फेका. तेल सडत नाही, वर्षानुवर्षं राहतं, पण हवा लागून शिळं होतं आणि शिळं तेल ताज्यापेक्षा जास्त खाज आणतं.

बरं, राहता राहिला गुलाबपाणी हा शब्द. नुसतं 'गुलाब' म्हणणं सगळ्यात शुद्ध, फक्त मग लोक फूल आणून हातात देतील.