वाचनालयातली खेळांची दुपार: दोन खेळ पुरे, भिडू मात्र जुळवून द्या

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा ज्येष्ठ सभासद आणि आठवी ते बारावीची मुलं एकत्र खेळतील अशी दुपार ठेवायची आहे. कोणते खेळ ठेवावेत आणि मांडणी कशी करावी? मुलं एकीकडे, आजी-आजोबा एकीकडे असं व्हायला नको.

उत्तर: आमच्या वाचनालयात ही व्यवस्था मी बघतो. माझा सल्ला असा की कॅरम आणि मेंढीकोट हे दोनच खेळ ठेवा. दोन्ही चौघांत खेळता येतात आणि भिडू समोरासमोर बसतात. ज्येष्ठ विरुद्ध मुलं असा सामना लावू नका. एक ज्येष्ठ आणि एक मूल अशी जोडी करा. बुद्धिबळात दोघे एकमेकांविरुद्धच असतात, शिवाय समोरच्याशी बोलायचं काही कारणही नसतं.

जोड्या पत्त्यांनीच पाडा. सोळा जण आले तर बदामाची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची पानं ज्येष्ठांत वाटा, इस्पिकची तेवढीच मुलांत. बदाम पंजीचा भिडू इस्पिक पंजी. मित्रामित्रांनी एकत्र बसण्याचा प्रश्न इथेच मिटतो. एखादा जादा उरला तर त्याच्याकडे फळ्यावर गुण लिहायचं काम द्या.

भिडू समोरासमोर आले की टेबलावर दोन ज्येष्ठ शेजारी-शेजारी आणि दोन मुलं शेजारी-शेजारी येतात. ज्येष्ठांच्या खुर्च्या भिंतीकडे, खिडकी पाठीशी येईल अशा ठेवा. पाठीमागून कुणी ये-जा करत नाही आणि डोळ्यांवर उजेड येत नाही. मुलं वाटेच्या बाजूला. अर्ध्या वेळेनंतर ज्येष्ठ जागेवरच राहतात आणि मुलं पुढच्या टेबलावर सरकतात, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना उठावं लागत नाही आणि भिडूही बदलतो.

मेंढीकोट मुद्दाम सुचवतोय. चौघांना तेरा-तेरा पानं, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. सगळ्या चार एकाच जोडीकडे गेल्या की कोट. यात कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवणाऱ्याला फायदा, आणि तिथे आमचे बरेच आजोबा मुलांना हार जात नाहीत. पण खरं कारण वेगळं आहे. ज्येष्ठांना मुलाला 'हे टाक, ते टाक' सांगायची सवय असते. मेंढीकोटमध्ये भिडूला पान सुचवणं हीच लबाडी, त्यामुळे ही सवय खेळाचा नियमच बंद करतो. तरीही एखादं मूल प्रत्येक पान टाकण्याआधी भिडूच्या चेहऱ्याकडे बघायला लागलं तर समजा, खाणाखुणा सुरू झाल्या आहेत. पुढच्या फेरीत ती जोडी तशीही बदलते.

हुकूम ठरवायच्या पद्धती घरोघरी वेगळ्या. भांडण इथेच होतं. फळ्यावर एकच लिहा: उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम. बंद हुकमापेक्षा नवख्यांना हे सोपं जातं.

बोटं आखडलेल्यांना तेरा पानं धरता येत नाहीत. कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवून केसांत पानं खोचली की छान उभी राहतात. पत्त्यांचा कॅट मोठ्या आकड्यांचा घ्या.

कॅरमला पाठ असलेल्या पण हात नसलेल्या खुर्च्या हव्यात, नाहीतर स्ट्राइकर मारताना कोपर अडकतं. बोर्ड स्टुलांवर किंवा स्टँडवरच ठेवा, जमिनीवर नको. पावडर चिमूटभर, फडक्याने पसरवलेली, कारण उडाली की खोकला सुरू होतो. स्पर्धेसारखा पंचवीस गुणांचा गेम लावू नका, फार लांबतो. एकेक बोर्ड मोजा: जिंकणाऱ्याला समोरच्यांच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण, राणी घेऊन कव्हर दिलं असेल तर आणखी तीन. घंटा झाली आणि बोर्ड अर्धा असेल तर ज्यांच्या सोंगट्या कमी उरल्या ते पुढे. कॅरमचा आवाज ऐकू कमी येणाऱ्यांना पत्त्यांच्या टेबलावर त्रास देतो, म्हणून दोन बोर्ड एका टोकाला आणि पत्ते दुसऱ्या टोकाला. वृत्तपत्र विभागापासून तर दूरच.

वेळ चार ते सहा. दुपारची झोप झालेली असते आणि अंधाराआधी घरी जाता येतं. चाळीस मिनिटांची एक फेरी, मग चहा, मग दुसरी. फेरी घड्याळावर संपवा, डाव संपण्याची वाट बघू नका.

पत्ते म्हटलं की कार्यकारिणीत कुणीतरी जुगाराचा विषय काढणारच. आधीच लेखी मांडा की पैसे नाहीत, रमी आणि तीन पत्ती नाही, गुण फळ्यावर. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही घ्या. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं येणार नाहीत, त्या दोन महिन्यांसाठी आठवी-नववीतून जास्तीची नावं जानेवारीतच लिहून ठेवा.