तासाभरात 5 ग्राहक आले, एवढेच ठाऊक असेल तर

स्थिर दराच्या प्वासाँ प्रक्रियेत एकूण आगमने कळल्यावर दर λ गणितातून गळून पडतो, आणि नवशिक्यांची पहिली चूक तो पुन्हा घुसडण्याची असते. समजा, 60 मिनिटांत दुकानात नेमके 5 ग्राहक आले. आता 0 ते 60 या अंतरात 5 बिंदू एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि एकसमान वितरणाने टाका व चढत्या क्रमाने लावा. त्यांचे संयुक्त वितरण तेच आगमनवेळांचे. संयुक्त घनता 5!/60⁵ आहे, कारण पाच बिंदू कोणत्या क्रमाने लागतील याच्या 5! शक्यता आहेत.

म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कोणीच न येण्याची संभाव्यता (1/2)⁵, म्हणजे सुमारे 0.031. दर ताशी 5 धरून e^(−2.5) काढल्यास 0.082 मिळते, ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे आहे. सरासरी आगमनवेळा 10, 20, 30, 40 आणि 50 मिनिटे येतात, पण ग्राहक दहा-दहा मिनिटांनी आले असे मात्र समजू नका. आगमनांमधील अंतरेही आता स्वतंत्र घातांकी राहत नाहीत, कारण पाचांची बेरीज 60 च्या आत बसावी लागते.

अट नीट वाचा. ‘पाचवा ग्राहक बरोबर 60 व्या मिनिटाला आला’ असे दिले असेल, तर एकसमान बिंदू 5 नव्हे, आधीचे 4 असतात. दर वेळेनुसार बदलत असेल, उदाहरणार्थ संध्याकाळी गर्दी वाढत असेल, तर बिंदू एकसमान न टाकता λ(s) च्या प्रमाणात टाकावे लागतात.