पाठवणीला मुलीला काय सांगू?

प्रश्न : येत्या मार्गशीर्षात माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न आहे. वय 28, पुण्यात नोकरी करते. माझी आई म्हणते, पाठवणीला बापानं एवढंच सांगायचं, ‘आता तेच तुझं घर, तिथलं तिथेच ठेव.’ बायको म्हणते, असं बोललात तर मी मंडपातून उठून जाईन. ‘कधीही परत ये’ म्हणालो तर व्याही दुखावतील. त्यात मला ऐनवेळी रडू फुटतं, शब्दच निघत नाही. काय बोलू?
— एक बाप, सांगली

उत्तर : दादा, पाठवणीच्या वेळी गाडीपाशी काय चाललेलं असतं ते आठवा. बॅगा चढतायत, करवल्या रडतायत, फोटोग्राफर ‘इकडे बघा’ म्हणतोय, आणि मुलगी ओटीतला नारळ सांभाळत शालू आवरतेय. तिथे बोललेलं तिला निम्मं ऐकूच जात नाही, ऐकतात ते बाकीचे शंभर लोक. म्हणून तुमची दोन्ही वाक्यं तिथून काढून टाका.

व्याह्यांना उद्देशून बोलायची जागा विधीतच आहे, ती म्हणजे ऐरणीदान. काही घरांत याला झाल म्हणतात. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावून ती वरमाय, वरपिता आणि जवळच्या नातलगांच्या डोक्याला टेकवतात. तेव्हा म्हणतात तो श्लोक असा : ‘अष्टवर्षा त्वियं कन्या पुत्रवत् पालिता मया। इदानीं तव पुत्राय दत्ता स्नेहेन पाल्यताम्॥’ आठ वर्षांच्या या लेकीला मी मुलासारखं वाढवलं, आता तुमच्या मुलाला दिली, प्रेमानं सांभाळा. गंमत बघा, इथे उपदेश मुलीला नाहीच, सांगणं सासरच्यांना आहे. ‘आठ वर्षांची’ आणि ‘दिली’ हे दोन शब्द मात्र तुमच्या 28 वर्षांच्या लेकीला शोभत नाहीत. गुरुजींना आधीच सांगून ठेवा, ऐरणीला दोन मिनिटं थांबा, मला मराठीतून बोलायचंय. आणि मग व्याह्यांकडे बघून म्हणा, ‘हिला आम्ही मनातलं बोलायला शिकवलंय. ती बोलेल, तेव्हा ऐकून घ्या.’ यात दुखावण्यासारखं काही नाही. रडू आलं तर तेवढं एक वाक्य बायकोनं पुरं करायचं, हे घरीच ठरवून ठेवा.

मुलीशी बोलणं मात्र हळदीच्या आधी दोन-चार दिवस, दोघंच असताना. ‘कधीही परत ये’ हे नुसतं म्हणून भागत नाही. नुसतं ऐकलं की मुलीला वाटतं, बाबा भावनेच्या भरात बोलले. तपशील सांगा. तुझी खोली भाड्यानं देणार नाही. रात्री दोनला फोन केलास तरी मी गाडी काढीन, आणि गाडीत कारण विचारणार नाही. तुझे दागिने हे तुझं स्त्रीधन आहे, ते कुठे ठेवायचे ते तू ठरव. आणि 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत तुझा वाटा आहे, तो लग्नानं जात नाही. ही शेवटची गोष्ट बाप सहसा बोलत नाहीत. तुम्ही बोला.

माझ्या पाठवणीला, 1983 साली, माझे वडील काहीच बोलले नाहीत. आदल्या रात्री त्यांनी माझ्या पेटीत पाच आंतर्देशीय पत्रं ठेवली, माहेरचा पत्ता आधीच लिहिलेली. मी विचारलं, पोस्टकार्डं स्वस्त पडली असती की. म्हणाले, ‘कार्ड कोणीही वाचतं. हे चिकटवता येतं.’

आताच्या काळातलं चिकटवता येणारं पत्र म्हणजे काय, ते दोघं मिळून ठरवा. नव्या घरात फोन पुष्कळदा चारचौघांत, स्पीकरवर होतो. तिथे ‘सुखी आहेस ना?’ विचारलं तर ‘हो, सगळं छान’ याशिवाय ती काय म्हणणार? त्यापेक्षा ‘आज डब्यात काय होतं? ऑफिसातून किती वाजता आलीस?’ असं विचारा. बोलकी मुलगी महिनाभर दोन शब्दांत उत्तरं देऊ लागली, किंवा फक्त ऑफिसातूनच फोन करू लागली, तर फोनवर खोदत बसू नका. काहीतरी निमित्त काढून भेटून या. एरवी रोज फोन करून तिला तिथे रुळू न देणं हाही त्रासच असतो, तेवढं बायकोलाही सांगा.

राहिल्या आई. त्यांच्यावर चिडू नका. ‘तिथलं तिथेच ठेव’ हे त्यांनाही कोणीतरी सांगितलं असणार, आणि त्यांनी ते निभावलं असणार. कसं निभावलं, हे नातीला एकदा निवांत सांगायला लावा. उपदेश आपोआप मऊ होईल. पाठवणीला ओटी मात्र त्यांनाच भरू द्या. खण, नारळ, तांदूळ घालताना त्या पुटपुटतील ते पुटपुटू द्या.

आणि गाडीच्या काचेपाशी? ‘चार्जर घेतलास ना? पोचलीस की फोन कर.’ एवढं रडतरडतही म्हणता येतं.