चेष्टा की मनातला राग?

नवरा चारचौघांत माझी चेष्टा करतो, मग म्हणतो गंमत केली. हे प्रेम समजू की राग?

तुम्हाला उलटा टोला मारता येतो का, ते बघा. आमच्या सोलापुरात शेजारचे काका म्हणायचे, "हिची कडक भाकरी मोडायला सुतार बोलवावा लागतो." काकू लगेच, "मग चौथी कशाला मागताय?" दोघंही हसायचे.

पुढे काका पाहुण्यांसमोर तिच्या माहेरावरून बोलू लागले. "यांच्याकडे दिलेलं परत येत नाही." काकू गप्प ताटं उचलायच्या. मेव्हण्याला उसने दिलेले पैसे अडकले होते, तो विषय काकांनी घरात कधी नीट काढलाच नव्हता. विषय तोच, ऐकायला माणसं, आणि समोरची गप्प. तुमच्याकडेही असंच असेल, तर मला तरी ही तक्रारच वाटते. रात्री निवांत असताना विचारा, "या गोष्टीचं तुम्हाला खरंच वाईट वाटतंय का?"